तपासणी अंक जुळला, म्हणजे कोड खरा?

गुलमंडीतल्या दुकानात घाऊक बिलाच्या फोटोवरून बारकोड उतरवताना तपासणी अंक (आधीच्या अंकांवरून काढलेला शेवटचा अंक) जुळला की कोड बरोबर, असे मानले जाते. 890123456781 हे बारा अंक पाहा. डावीकडून विषम स्थानांची बेरीज 28, सम स्थानांची 26. तिची तिप्पट 78. एकूण 106, म्हणून 110 गाठणारा 4 हा तेरावा अंक. मधला 6 चुकून 8 वाचला, तर 2 हवा असे निघते आणि चूक सापडते. पण एखाद्या कोडमध्ये शेजारी असलेले 1 आणि 6 उलटे झाले, तर चूक निसटते. शिवाय अंक जुळला, तरी कोड त्याच मालाचा असेलच असे नाही; जसे पत्ता नीट लिहिलेला असला, तरी त्या घरात तो माणूस राहतोच असे नाही. म्हणून कोड मूळ यादीत (दुकानाच्या सर्व मालाची नोंद) शोधा आणि तिथले नाव बिलावरच्या नावाशी ताडून पाहा.