टेप, कागद आणि चटई क्षेत्र

समजा, हॉल ४ मीटर बाय ३ मीटर भरला. लगेच आयत काढू नका. टेप कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपी धरा. दोन्ही कर्ण ५ मीटर आले तर खोली काटकोनात आहे. एक ५.०६ आणि दुसरा ४.९४ आला, तर भिंती तिरक्या आहेत. क्षेत्रफळात फारसा फरक पडत नाही, पण कोपऱ्यात कपाट नीट बसणार नाही.

नकाशासाठी १:५० प्रमाण सोयीचे, कारण एक मीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर. हॉल ८ बाय ६ सेंटिमीटरचा होईल. शेजारी ३ बाय ३ मीटरची बेडरूम. मधल्या भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा. ती १० सेंटिमीटर धरू.

चूक होते ती इथेच. लोक १२ आणि ९ मिळवून २१ चौरस मीटर म्हणतात. रेरा कायद्यानुसार घरातली आतली भिंतही चटई क्षेत्रात धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. म्हणून ३ × ०.१०, म्हणजे ०.३० मिळवा. २१.३० ला १०.७६४ ने गुणले की सुमारे २२९ चौरस फूट होतात. करारातला आकडा याच हिशेबाने ताडून पाहा.