पांढरी चरबी, गडद मांस

मुंबईतल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर आजही 'बीफ फ्राय', 'बीफ चिली' असं छापलेलं दिसतं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर 1976च्या कायद्याने बंदी आहे आणि 2015च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हणजे राज्यात कायदेशीरपणे कापलेलं मोठ्याचं मांस म्हशीचं किंवा रेड्याचंच असतं. ताटातला पदार्थ म्हशीचा आणि नाव मात्र बीफचं, अशी ही स्थिती आहे. या दोन मांसांत खरा फरक आहे आणि तो समजला नाही तर स्वयंपाक फसतो.

फरक ओळखायला आधी चरबी पाहावी. गवतातलं कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य म्हैस जवळजवळ पूर्णपणे अ जीवनसत्त्वात बदलते, म्हणून तिची चरबी पांढरीशुभ्र असते. गाईच्या शरीरात त्यातलं बरंचसं तसंच राहतं, म्हणून चाऱ्यावर वाढलेल्या गाईबैलाची चरबी पिवळसर दिसते. म्हशीचं तूप पांढरं आणि गाईचं पिवळं असतं, तेही याच कारणाने. मांसाचा रंग मात्र उलट्या दिशेने जातो. स्नायूत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन म्हशीत जास्त असतं आणि वयाबरोबर ते वाढत जातं, त्यामुळे तिचं मांस गडद लाल दिसतं. हवा लागली की ते लवकर तपकिरीही होतं. असं मांस शिळं समजून गिऱ्हाईक परत फिरतं. पण शिळेपणाची खूण रंगात नसून आंबूस वासात आणि बोटाला लागणाऱ्या चिकटपणात असते.

म्हशीच्या मांसात चरबी कमी असते, हे खरं आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषण तक्त्यात म्हशीच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात चरबी दीड ग्रॅमच्याही आत आहे. बीफमध्ये हा आकडा तुकड्यागणिक बदलतो आणि मार्बलिंग असलेल्या तुकड्यात दसपटीच्याही वर जातो. मार्बलिंग म्हणजे स्नायूच्या आत जाळीसारखी पसरलेली चरबी. म्हशीची चरबी बहुतेक कातडीखाली आणि स्नायूंच्या मधल्या फटींत असते, त्यामुळे ती सुरीने सहज काढता येते. खिम्यात मात्र ही खात्री देता येत नाही. विक्रेत्याने वेगळी काढलेली चरबी त्यात दळली असेल तर कमी चरबीचा हिशोब कोलमडतो. म्हणून मांस डोळ्यांदेखत निवडून खिमा करून घ्यावा.

म्हशीचं मांस चिवट असतं, ही तक्रार जुनी आहे. तिचं मुख्य कारण जनावराच्या जातीपेक्षा वयात आहे. बाजारात येणाऱ्या अनेक म्हशी दूध आटल्यावर विकलेल्या असतात. वय वाढतं तसे स्नायूंना बांधणाऱ्या कोलाजेनचे धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात आणि शिजवल्यावर सहज विरघळत नाहीत. तरुण रेड्याचं मांस बरंच मऊ असतं. त्यात आपल्याकडे जनावर पहाटे कापून सकाळीच विकलं जातं. मांस थंड जागी काही दिवस टांगून ठेवलं तर स्नायूंतलीच विकरं तंतू सैल करतात, पण इथे त्यांना तो वेळच मिळत नाही.

हे लक्षात घेऊन तुकडा निवडावा. स्टेक करायचा तर कसायाकडे अंडरकट मागावा. कमरेच्या आतल्या बाजूच्या या स्नायूला काम कमी पडतं, त्यामुळे त्यात कोलाजेन थोडं असतं. तो तंतूंच्या आडवा कापावा, तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावा आणि मध्यभागी गुलाबी असतानाच उतरवावा. आत चरबी नसल्याने बीफइतका वेळ ठेवला तर तो कोरडा पडतो. नल्लीभोवतीचं मांस म्हणजे बोंग, त्याला याच्या उलट वागवावं लागतं. थोडी कच्ची पपई वाटून चोळावी आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजवावं. कोलाजेनचं जिलेटिन झालं की रस्सा दाट होतो. पपई जास्त झाली किंवा फार वेळ राहिली तर मांसाचा लगदा होतो.

निर्यातीत मात्र लेबल काटेकोर असतं. भारतातून गाईबैलाच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे. म्हशीचं मांसही हाडं काढूनच जातं आणि खोक्यावर प्राण्याचं नाव असतं. त्याआधी सोललेलं जनावर दोन अंशांहून जास्त तापमानात किमान 24 तास ठेवतात. मांसाचा सामू 6च्या खाली उतरला की लाळ्या-खुरकुताचा विषाणू स्नायूत टिकत नाही. पण जागतिक आकडेवारीत म्हशीचं मांस अनेकदा बीफमध्येच धरलं जातं, म्हणून भारत मोठा बीफ निर्यातदार असल्याच्या बातम्या येतात.

चरबीचा आणि मांसाचा रंग हा फक्त अंदाज आहे, पुरावा नव्हे. धान्यावर पोसलेल्या बैलाची चरबीही पांढरी असू शकते, आणि मांस शिजलं की कोणतीच खूण उरत नाही. खात्री फक्त डीएनए तपासणीने होते. म्हणून मेन्यूवर आणि दुकानाच्या पाटीवर प्राण्याचं नाव स्पष्ट लिहायला हवं. त्याने खाणाऱ्याचा हक्क जपला जाईल आणि विकणाऱ्यावर नाहक संशयही येणार नाही.