जिंकूनही गुण घटतात तेव्हा

जिल्हा बॅडमिंटन स्पर्धेचा ड्रॉ लागला की पालक सगळ्यात आधी पाहतात ते आपल्या मुलीला मानांकन मिळालं का. 32 जणींच्या ड्रॉमध्ये बहुधा आठ मानांकनं असतात आणि त्या आठ जणी उपांत्यपूर्व फेरीआधी एकमेकींसमोर येत नाहीत. ज्या मुलीला मानांकन नाही, तिची गाठ पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडूशी पडू शकते. मानांकन क्रमवारीवरून ठरतं आणि क्रमवारी वर्षभरातल्या गुणांवरून. म्हणून गुणांची बेरीज कशी करायची, हा प्रश्न थेट मुलींच्या खेळाला भिडतो.

समजा, एका जिल्ह्यात सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्षाला सहा स्पर्धा होतात: फेब्रुवारी, एप्रिल, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये. विजेतीला 100 गुण, उपविजेतीला 85, उपांत्य फेरीत हरणारीला 70 आणि उपांत्यपूर्व फेरीत हरणारीला 55. जागतिक महासंघाच्या मोठ्या स्पर्धांमध्येही गुणांचं प्रमाण हेच आहे. तिथे विजेत्याला 12,000 आणि उपविजेत्याला 10,200 गुण मिळतात. आपल्या जिल्ह्यात गुण सहा महिने पूर्ण धरायचे, पुढचे सहा महिने निम्मे आणि वर्षानंतर शून्य, असं ठरलं आहे. क्रमवारी 1 जानेवारीला काढायची आहे.

पहिली मुलगी तीनच स्पर्धा खेळली. फेब्रुवारीत जिंकली, जुलैत उपविजेती ठरली, ऑक्टोबरमध्ये पुन्हा जिंकली. फेब्रुवारीचे 100 आता 50 झालेत, म्हणून तिचे एकूण गुण 235. दुसरी मुलगी सहाही स्पर्धा खेळली; पाच वेळा उपांत्यपूर्व फेरीत हरली आणि डिसेंबरमध्ये उपांत्य फेरीत पोहोचली. सगळे गुण मिळवले तर तिचे 290 होतात. एकदाही अंतिम फेरी न गाठलेली मुलगी दोनदा जिंकलेल्या मुलीच्या पुढे! अशा पद्धतीत प्रवासखर्च आणि प्रवेश शुल्क ज्यांना परवडतं, त्यांचाच नंबर वर जातो. दहावीच्या परीक्षेसाठी दोन स्पर्धा सोडणारी मुलगी खाली घसरते. म्हणून फक्त सर्वोत्तम काही निकाल धरतात. जागतिक क्रमवारीत 52 आठवड्यांतले सर्वोत्तम दहा धरले जातात. सहा स्पर्धांच्या जिल्ह्याला तीन पुरेसे आहेत, असं माझं मत आहे. तीन धरले की दुसरीचे 70, 55, 55 मिळून 180 होतात आणि पहिली 235 वर कायम राहते.

आता खरी गोची येते. सर्वोत्तम तीन निकाल निवडायचे ते गुण निम्मे करण्याआधी की नंतर?

तिसरी मुलगी पाहा. फेब्रुवारीत ती उपविजेती होती आणि एप्रिलमध्ये विजेती. जुलै आणि ऑगस्टमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरली, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये उपांत्य फेरीत. कार्यकर्त्याने मूळ गुण पाहून तिचे सर्वोत्तम तीन निवडले: 100, 85 आणि 70. मग जुने दोन निम्मे केले. 50, 42.5 आणि 70, बेरीज 162.5. म्हणजे ती दुसऱ्या मुलीच्या, 180 वालीच्या, खाली गेली. सहाही स्पर्धांमध्ये तिची कामगिरी दुसरीच्या बरोबरीची किंवा सरस होती, तरीही! वसंतातल्या त्या दोन चांगल्या निकालांनीच तिचे ताजे निकाल यादीबाहेर ढकलले.

आधी सगळे गुण वयाप्रमाणे कमी केले आणि मग निवड केली, तर तिचे 70, 70 आणि 55 धरले जातात. बेरीज 195 होते आणि ती दुसरीच्या पुढे, तिच्या हक्काच्या जागी येते. नियमावलीत एवढं एक वाक्य हवं: आधी घट, मग निवड. नुसतं ‘सर्वोत्तम तीन निकाल’ लिहून सोडलं की प्रत्येक जण आपल्या परीने हिशोब करतो.

दुसरी अडचण तारखांची. जुलैची स्पर्धा हॉल न मिळाल्याने ऑगस्टअखेरीस गेली, तर गेल्या जुलैचे गुण वर्ष संपताच शून्य होतात आणि ते राखण्याची संधी मुलीला मिळायच्या आत मानांकन ठरून जातं. यावर उपाय असा: जुने गुण तीच स्पर्धा पुन्हा होईपर्यंत निम्म्यावर ठेवायचे, पण या सवलतीला, समजा, दोन महिन्यांची कमाल मर्यादा घालायची. मार्च 2020 मध्ये स्पर्धाच थांबल्या, तेव्हा जागतिक महासंघाला क्रमवारी गोठवावी लागली होती. जिल्ह्यातही अशा वेळी काय करायचं, ते आधीच लिहून ठेवलेलं बरं.

एक मर्यादा मात्र या पद्धतीने सुटत नाही. आठ जणींच्या स्पर्धेतला विजय आणि 32 जणींच्या स्पर्धेतला विजय दोन्ही 100 गुणांचेच ठरतात. छोट्या ड्रॉला कमी गुण द्यायचे, एवढंच करता येतं.

तुमच्या जिल्ह्याचा तक्ता बरोबर आहे का, हे पालकांनाही तपासता येतं. त्यासाठी तक्त्यात प्रत्येक स्पर्धेचे मूळ गुण, कमी झालेले गुण आणि धरलेले गुण असे तीन रकाने हवेत. मग एखाद्या खेळाडूचा एक जुना निकाल कागदावर सुधारून पाहा, उपांत्य फेरीऐवजी विजेतेपद लिहा आणि नियमाप्रमाणे पुन्हा बेरीज करा. बेरीज वाढली किंवा तेवढीच राहिली तर ठीक. कमी झाली, तर निवड घटीच्या आधी होते आहे.