अर्ध्या इंचाचे तीन व्यास

गणिताच्या वहीत अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात मात्र अर्धा इंची म्हणून जे पाइप मिळतात, त्यांतला एकही बाहेरून १२.७ भरत नाही. जीआय पाइपला व्हर्नियर लावला तर २१.३ मिलिमीटर येतात. शेताकडे जाणारा राखाडी पीव्हीसी पाइप २० चा असतो. न्हाणीघरात गरम पाण्यासाठी बसवतात तो फिकट पिवळा सीपीव्हीसी १५.९ चा. तिघांनाही गिऱ्हाईक अर्धा इंचीच म्हणते आणि एकाचे फिटिंग दुसऱ्याला बसत नाही.

त्यामुळे इंचाला २५.४ ने गुणून पाइपचा बाहेरचा व्यास निघत नाही. तो तक्त्यात पाहावा लागतो, आणि तक्ता कोणता उघडायचा हे पाइपच्या जातीवरून ठरते.

या विसंगतीचे मूळ लोखंडी पाइपच्या काळात आहे. सुरुवातीला इंचाचा आकडा साधारणपणे आतल्या पोकळीचा, म्हणजे बोअरचा होता. जोडणीचे आटे मात्र पाइपच्या बाहेरच्या अंगावर पाडले जात. अमेरिकेत फिलाडेल्फियातील पास्कल आयर्न वर्क्सचे रॉबर्ट ब्रिग्ज यांनी १८६२ च्या सुमारास या पाइपांची आणि आट्यांची मापे पद्धतशीर बसवली. पुढे चांगले पोलाद आले, पाइपची भिंत पातळ करणे शक्य झाले. पण बाहेरचा व्यास कमी केला असता तर जगभरची डाय आणि फिटिंग्ज निकामी झाली असती. म्हणून बाहेरचे माप गोठवले गेले आणि भिंतीतली घटवाढ आतल्या बाजूला ढकलली गेली. आजही अर्ध्या इंची जीआय पाइपची मध्यम प्रतीची भिंत २.६ मिलिमीटर आणि जड प्रतीची ३.२ असते. बाहेरून दोन्ही सारखे, फरक फक्त बोअरमध्ये. मध्यम प्रतीचा बोअर १६.१ मिलिमीटर येतो. म्हणजे ज्या पोकळीवरून ‘अर्धा इंच’ हे नाव पडले, तीही आता अर्धा इंच राहिलेली नाही.

आपल्याकडे आयएस १२३९ प्रमाणे जीआयचे बाहेरचे व्यास असे आहेत: अर्धा इंच २१.३, पाऊण इंच २६.९, एक इंच ३३.७, दोन इंच ६०.३ मिलिमीटर. थंड पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी, ज्यावर शेड्यूल ४० किंवा ८० असे छापलेले असते, तोही याच घराण्यातला. त्याचे अमेरिकी आकडे दशांशात जरा इकडे-तिकडे आहेत, एवढेच.

सीपीव्हीसी तांब्याच्या नळीच्या मापावर चालतो. त्यावर छापलेल्या ‘सीटीएस’ या अक्षरांचा अर्थ तोच. याचा हिशेब फार सोपा आहे: नावाच्या मापात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग मिळवला की बाहेरचा व्यास मिळतो. अर्ध्या इंचाचा १५.९, पाऊण इंचाचा २२.२, एक इंचाचा २८.६ मिलिमीटर. शेतीचा पीव्हीसी आणि पीपीआर पाइप तिसऱ्या वळणाचे. त्यांच्यावर जो मिलिमीटरचा आकडा असतो, तोच खरोखर बाहेरचा व्यास असतो: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३. बाजारात त्यांनाच अनुक्रमे अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड आणि दोन इंची म्हणतात.

इंच सोडून मिलिमीटर बोलले की प्रश्न सुटेल असे वाटते. प्रत्यक्षात गोंधळ तिथेच वाढतो. ‘२० एमएम द्या’ म्हटले तर पीव्हीसीवाला खरोखर २० मिलिमीटरचा पाइप देईल. सीपीव्हीसीत २० एमएम म्हणजे पाऊण इंची, बाहेरून २२.२. जीआयमध्ये २० एनबी म्हणजेही पाऊण इंची, पण बाहेरून २६.९. चिठ्ठीवर फक्त ‘२० एमएम एल्बो, ६ नग’ लिहून माणूस दुकानात पाठवला, तर तो कोणत्या जातीचे एल्बो आणेल याचा नेम नाही.

चूक नेमकी कुठे पचते हेही पाहण्यासारखे आहे. समजा, जुन्या भिंतीत पांढऱ्या यूपीव्हीसीची अर्धा इंची लाइन आहे, बाहेरून २१.३ ची. हाताशी पाऊण इंची सीपीव्हीसीचा कपलर आहे, २२.२ च्या पाइपसाठी बनवलेला. पाइप आत जातो, अगदी अलगद. फरक जेमतेम ०.९ मिलिमीटरचा, त्यामुळे डोळ्याला काही खटकत नाही. भरपूर सोल्यूशन लावले की सांधा धरल्यासारखाही वाटतो. पण सोल्यूशन ही खळ नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळवते, आणि त्यासाठी ते घट्ट टेकलेले असावे लागतात. पोकळी भरून काढणे त्याचे काम नाही. शिवाय इथे दोन वेगळी प्लास्टिके आहेत आणि प्रत्येकाचे सोल्यूशन निराळे. असा सांधा टाकीच्या दाबावर काही दिवस तग धरू शकतो, मग टाइलच्या मागे ओल धरू लागतो.

ओळखण्याची खूण सोल्यूशन लावण्याआधीच मिळते. सीपीव्हीसीचे सॉकेट आत थोडे निमुळते असते. योग्य पाइप कोरडा घालून पाहिला की साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर अडायला हवा. थेट तळाला जाऊन खुळखुळला तर घराणे चुकले आहे.

भिंतीतल्या पाइपवरचा छाप पुसलेला असेल आणि व्हर्नियर नसेल, तर कागदाची पट्टी पुरते. पट्टी पाइपभोवती घट्ट गुंडाळून जिथे टोक भेटते तिथे खूण करायची आणि लांबी मोजून ३.१४ ने भागायचे. घेर ५० मिलिमीटर आला तर अर्धा इंची सीपीव्हीसी, ६३ आला तर २० एमएम पीव्हीसी किंवा पीपीआर, ६७ आला तर अर्धा इंची जीआय किंवा यूपीव्हीसी, ७० आला तर पाऊण इंची सीपीव्हीसी. व्यासातला एक मिलिमीटर घेरात तीन होऊन दिसतो, म्हणून पाइपच्या तोंडावर फूटपट्टी आडवी धरण्यापेक्षा ही रीत कितीतरी भरवशाची आहे. फक्त जीआयवरचा गंज आणि रंग आधी खरवडून काढावा.

जीआय काढून सीपीव्हीसी बसवताना आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती बोअरची. अर्धा इंची एसडीआर ११ सीपीव्हीसीचा बोअर १२.४ मिलिमीटर आहे. नव्या मध्यम जीआयचा १६.१ होता. आकडे किरकोळ वाटतात, पण क्षेत्रफळ काढले तर पाण्याची वाट सुमारे ४० टक्क्यांनी अरुंद होते. नावाला नाव जुळवून अर्ध्या इंचाच्या जागी अर्धा इंच घातला आणि वर शॉवरला धार लागत नाही अशी तक्रार आली, तर दोष पंपाचा असेलच असे नाही. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बोअर १८.२ येतो. वरच्या मजल्यावर, जिथे टाकीची उंची आधीच कमी, तिथे मुख्य लाइन पाऊण इंची घेऊन फक्त नळाच्या तोंडाशी अर्ध्यावर येणे बरे.

ही सगळी घराणी एकत्र येतात ती आट्यांपाशी. नळ, अँगल कॉक, शॉवर यांचा अर्धा इंची बीएसपी आटा बाहेरून सुमारे २१ मिलिमीटरचा आणि इंचाला १४ फेऱ्यांचा, पाइप कोणत्याही जातीचा असो. म्हणून जीआयला सीपीव्हीसी जोडायचा तर सोल्यूशनच्या नादी न लागता पितळी आट्याचा एमटीए किंवा एफटीए घ्यायचा: एका बाजूला सीटीएसचे सॉकेट, दुसऱ्या बाजूला आटा, त्यावर टेफ्लॉन टेप. दुकानात मागताना दोन्ही टोके सांगावी लागतात. ‘पाऊण बाय अर्धा, सीपीव्हीसी, पितळी एफटीए’ एवढे म्हटले की काउंटरपलीकडचा माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.