दुखणारी बोटं की उंच तारा?

बोटं दुखली की 'माझी बोटंच नाजूक' असं नवशिक्यांना वाटतं. टोकं आधी थोडी हुळहुळतातच. पण दाबायला फार जोर लागत असेल, तर दोष बहुधा अ‍ॅक्शनचा (तार आणि गिटारची मान यांतलं अंतर). सीट फार उंच असलेल्या सायकलवर पाय तोकडे वाटतात, तसंच हे. बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) फूटपट्टी धरा. सर्वांत जाड तार फ्रेटपासून २.५ मिलिमीटरच्या आसपास उंच असेल तर ठीक. ४ च्या पुढे गेली तर आधी दुरुस्ती.

आमच्या वर्गासाठी स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार हवी, उसनीही चालेल. ऑनलाइन वर्ग शनिवार-रविवार, संध्याकाळी ७ ते ७:४५. फी महिना १,५०० रुपये. पहिला चाचणी-धडा मोफत; त्यात कॅमेऱ्यासमोर हीच उंची मोजू, फूटपट्टी जवळ ठेवा.