डिपॉझिट परत मागणारा मेल: समज आणि वस्तुस्थिती

घर सोडून पंधरवडा उलटला तरी डिपॉझिट येत नाही, तेव्हा पहिला सल्ला मिळतो तो वकिलाच्या नोटिशीचा. साध्या मेलला कोण विचारतं, असा समज आहे. पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार मेल ही कायद्याने मान्य लेखी नोंद आहे आणि ठरलेलं प्रमाणपत्र जोडून ती कोर्टात पुरावा म्हणून देता येते. फक्त तिच्यातली प्रत्येक ओळ तपासता येईल अशी हवी.

पुण्यातल्या एका फ्लॅटचं उदाहरण घेऊ. भाडं २५,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. मेलची सुरुवात अशी करावी:

“नमस्कार साहेब, आपला लिव्ह अँड लायसन्स करार ३१ मे २०२५ रोजी संपला. त्याच संध्याकाळी आपण फ्लॅट पाहिलात आणि तिन्ही चाव्या घेतल्यात. मे महिन्याचं भाडं भरलेलं आहे.”

चाव्यांची तारीख सर्वांत महत्त्वाची. ताबा कधी दिला हे तिच्यावरून ठरतं, म्हणून “मागच्या महिन्यात घर सोडलं” असं मोघम लिहू नये.

दुसरा समज असा, की रंगकामाचे पैसे मालक कापणारच. आधी करार वाचावा. रंगाचा खर्च भाडेकरूने द्यायचा असं कलम त्यात असेल, तर त्या कलमाप्रमाणे हिशेब होतो. नसेल, तर नेहमीच्या वापराने फिकट झालेली भिंत म्हणजे नुकसान नव्हे. मोडलेला नळ मात्र नुकसानच, आणि ते स्वतःहून कबूल करावं. त्याने बाकीच्या म्हणण्याला वजन येतं. मेलमध्ये पुढे लिहावं: “बेसिनचा नळ आमच्याकडून तुटला, दुरुस्तीचे ९०० रुपये कापावेत. शेवटचं वीजबिल १,२४० रुपये आहे. बाकी ७२,८६० रुपये यायचे आहेत. ताबा देतानाचे खोल्यांचे फोटो आणि मीटर रीडिंग जोडलं आहे.”

डिपॉझिटची रक्कम आणि ते परत करण्याची मुदत यांबाबतही घोटाळा होतो. राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं असावं, हा नियम २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे, आणि तो कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्याचा दाखला देऊन मालकाला दटावलं, तर आपलीच बाजू कच्ची दिसते. बऱ्याच करारांत ताबा देताना डिपॉझिट परत, असंच लिहिलेलं असतं. मग मेलमध्ये दिलेली पंधरा दिवसांची मुदत ही सवलत ठरते आणि ते तसं नोंदवावं: “करारानुसार रक्कम ताब्याच्या वेळीच द्यायची होती. तरी आज, ५ जूनपासून पंधरा दिवस, म्हणजे २० जूनपर्यंत, ती माझ्या खात्यात जमा करावी. आणखी काही कापायचं असल्यास बिलासह त्याच मुदतीत कळवावं.” “चोवीस तासांत द्या, नाहीतर पोलिसांत जातो” असं लिहू नये. हिशेबाचा वाद दिवाणी असतो.

यावर मालकाचं उत्तर पुष्कळदा येतं, “नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून देतो.” हे चालतंच, असं अनेक भाडेकरूही धरून चालतात. करारात तशी अट नसेल, तर नव्या भाडेकरूचा आपल्या पैशांशी काही संबंध नाही. त्याच मेलखाली करारातलं कलम लिहावं आणि २० जून ही तारीख कायम आहे, एवढंच कळवावं.