हृदयसूत्रातील शून्यता

आपण विहारात वंदना म्हणतो, त्याप्रमाणे जपानमधील झेन विहारांत रोज सकाळी प्रज्ञापारमिता हृदयसूत्राचे पठण होते. तेथे रूढ असलेला चिनी पाठ ह्युएन त्संग यांच्या नावावर असून तो अवघा सुमारे २६० अक्षरांचा आहे.

या सूत्रात अवलोकितेश्वर सारिपुत्ताला सांगतात की, रूप शून्यतेहून वेगळे नाही व शून्यता रूपाहून वेगळी नाही. वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या उरलेल्या चार स्कंधांनाही हेच लागू होते. पुढे तर दुःख आणि दुःखनिरोधही नाही, असे येते. येथे आपला वाचक थबकतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुःख भोगले, त्याला 'दुःख नाही' असे सांगणे ही थट्टा नव्हे काय?

शून्यता म्हणजे 'काहीच नाही' असा अर्थ घेतला, तर ती थट्टाच ठरेल. परंतु येथे शून्य आहे तो 'स्वभाव', म्हणजे कशावरही अवलंबून नसलेले, कायमचे स्वरूप. भाकरीचे उदाहरण घेऊ. पीठ, पाणी, विस्तव आणि थापणारे हात बाजूला काढले, तर मागे भाकरी म्हणून वेगळे काही उरत नाही. तरीही भाकरीने भूक भागते. आचार्य नागार्जुनांनी म्हणूनच शून्यता व प्रतीत्यसमुत्पाद एकच मानले. दुःख कारणांमुळे उपजते, म्हणून कारणे काढली की ते संपते. जन्माने कोणी उच्च वा नीच असणे हाही कोणाचा स्वभाव नाही. ती माणसांनी घडविलेली गोष्ट आहे, म्हणून ती मोडताही येते.

आता पठणाविषयी. प्रथम एक भिक्खू एकटाच सूत्राचे नाव लांबवून म्हणतो व नंतर सर्वजण त्याला मिळतात. 'मोकुग्यो' या माशाच्या आकाराच्या पोकळ लाकडी वाद्यावर एका अक्षराला एक ठोका पडतो. चिनी अक्षरे जपानी उच्चाराने म्हटली जात असल्याने नुसते ऐकून सामान्य जपानी माणसालाही अर्थ कळत नाही. तो वेगळा शिकावा लागतो. आपल्या पाली वंदनेचेही तसेच आहे. शेवटचा मंत्र मात्र चिनीतही अनुवादित केलेला नाही, त्याचा संस्कृत ध्वनीच ठेवला आहे.

या पठणात ओळीच्या शेवटी सर्वांनी थांबायचे नसते. ज्याचा श्वास संपेल त्याने एखादे अक्षर सोडून श्वास घ्यावा व चालू ठोक्यावर पुन्हा मिळावे. सर्वांनी एकदम श्वास घेतला तर मध्येच खंड पडतो. एखाद्याने आवाज चढविला तर त्याचा एकट्याचा सूर वेगळा ऐकू येतो आणि पठण बिघडल्याचे लगेच कळते. नीट चालले, तर प्रत्येकजण मधूनमधून थांबत असूनही सूत्र अखंड चालू राहते. ते कोणा एकाच्या कंठात नसते आणि तरीही स्पष्ट ऐकू येते. भाकरीच्या उदाहरणात आपण पाहिले, तेच येथे कानांना कळते.